'अमान्य'च्या रकान्यात कोण आहे? वनहक्क बातमीच्या नोंदी, इंदूर

१८ जून

पुण्याच्या संपादकांचा फोन आला. मध्य प्रदेशातल्या वनहक्क दाव्यांवर, म्हणजे रानात राहून शेती करणाऱ्यांनी त्या जमिनीच्या हक्कासाठी केलेल्या अर्जांवर, बातमी हवी आहे. "आकडे केंद्राच्या साइटवर आहेतच. तुम्ही इंदुरात आहात, एखाद्या गावात जाऊन या. मथळा मी विचार करून ठेवलाय: सव्वातीन लाख आदिवासींना जमीन नाकारली." मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर वाटलं, मथळा आधी आणि बातमी नंतर, हे काही बरं लक्षण नाही.

संध्याकाळी जनजातीय कार्य मंत्रालयाचा मासिक प्रगती अहवाल उतरवून घेतला. एका राज्याला एक ओळ. मध्य प्रदेशच्या ओळीत एकूण दावे ६,२७,५१३. त्यांतले वैयक्तिक ५,८५,३२६ आणि सामूहिक ४२,१८७. वाटलेले पट्टे, म्हणजे दावा मान्य झाल्यावर मिळालेले हक्काचे कागद, सुमारे २ लाख ९४ हजार, फेटाळलेले सुमारे ३ लाख २२ हजार. प्रलंबित उरतात ते दहा हजारांच्या आसपास. संपादकांचा सव्वातीन लाख इथूनच आला.

१९ जून

आज फक्त एका टक्केवारीवर अडकून पडले. तक्त्यात 'निकाली काढलेल्या दाव्यांचे प्रमाण' असा एक रकाना आहे आणि मध्य प्रदेशपुढे तो ९८ टक्क्यांच्या वर आहे. देशात सगळीकडे असं नाही. म्हणजे हे राज्य वरच्या नंबरात. सरकारी भाषणात हाच आकडा येतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की शंभरातल्या अठ्ठ्याण्णवांचं काम झालं.

तो आकडा असा निघतो:

```
=(D2+E2)/C2
```

`C2` म्हणजे आलेले दावे, `D2` पट्टे, `E2` फेटाळलेले. पट्टा दिला तरी दावा निकाली, फेटाळला तरी निकाली. उद्या एखाद्या जिल्ह्याने उरलेले सगळे दावे एका बैठकीत फेटाळले तर त्याचा आकडा थेट शंभरावर जाईल. इथे शंभर दाव्यांमागे साधारण ४७ मान्य झाले आहेत आणि ५१ फेटाळले गेले आहेत. बातमीत ९८ टक्के छापायचं नाही. छापायचंच असेल तर त्याच वाक्यात ४७ आणि ५१ हवेत.

२१ जून

फेटाळलेल्यांचा रकाना एकच आहे. दावे आणि पट्टे यांत वैयक्तिक-सामूहिक अशी फोड दिली आहे, फेटाळलेल्यांत नाही. वाचकाला मात्र नेमकं हेच कळायला हवं, कारण वैयक्तिक दावा म्हणजे एका घराची शेती आणि सामूहिक दावा म्हणजे गावाचं चराई, लाकूडफाटा, पाणवठा, महुआ-तेंदूपत्ता. दोन्हींचं 'फेटाळणं' सारखं नसतं.

फोड दिलेली नसली तरी तिच्या मर्यादा काढता येतात. वहीतच गणित मांडलं. सामूहिक दावे ४२,१८७ आणि त्यांतले पट्टे २७,९७६. उरले १४,२११. हे सगळेच्या सगळे फेटाळलेले आहेत असं धरलं तरी ३ लाख २२ हजारांतून चौदा हजारच वजा होतात. म्हणजे फेटाळलेले वैयक्तिक दावे ३ लाख ८ हजारांपेक्षा कमी असूच शकत नाहीत. आता वरची मर्यादा. वैयक्तिक दावे ५ लाख ८५ हजार, त्यांतले पट्टे २ लाख ६६ हजारांच्या थोडे वर, उरले ३ लाख १८ हजार. फेटाळलेले त्याच्यापेक्षा जास्त असू शकत नाहीत.

म्हणजे शंभर वैयक्तिक दाव्यांतले ५३ ते ५४ फेटाळले गेले. सामूहिक दाव्यांत उलट चित्र: शंभरातले ६६ मान्य. दोन्ही एकत्र केल्यावर जो ५१ येतो तो घरच्या शेतीसाठी अर्ज केलेल्या माणसाची परिस्थिती आहे त्यापेक्षा थोडी बरी दाखवतो. फरक फार मोठा नाही, पण तो सरकारी तक्त्यातूनच निघतो आणि कोणीही पडताळू शकतो, म्हणून ठेवणार.

आई मागून डोकावून म्हणाली, "बातमी लिहितेयस की बँकेचं पासबुक भरतेयस?"

२४ जून

संपादकांच्या मथळ्यातल्या 'आदिवासींना' या शब्दाकडे परत आले.

वनहक्क कायदा २००६ चा, अंमल ३१ डिसेंबर २००७ पासून. त्यात दोन प्रकारचे दावेदार आहेत: वननिवासी अनुसूचित जमाती आणि 'इतर पारंपरिक वननिवासी'. दोघांनाही १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं. दुसऱ्या गटाला त्याशिवाय तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं तिथे राहून वनावर अवलंबून असल्याचं सिद्ध करायचं असतं. त्यासाठी १९३० च्या सालापर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा धार, अलीराजपूर, झाबुआ ही संस्थानं होती. संस्थानी दप्तरातला कागद आज रानात राहणाऱ्याने आणायचा कुठून?

मासिक अहवालात हे दोन गट वेगळे दिसत नाहीत. पण एका ठिकाणी दिसतात. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्या आदेशात फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याबाबत राज्यांना सांगितलं, त्यात राज्यांनी दिलेले आकडे उतरवलेले आहेत. मध्य प्रदेशचे: अनुसूचित जमातींचे फेटाळलेले दावे २,०४,१२३ आणि इतर पारंपरिक वननिवासींचे १,५०,६६४. बेरीज ३,५४,७८७. तो आदेश त्याच महिन्याच्या २८ तारखेला स्थगित झाला आणि दावे फेटाळताना कोणती प्रक्रिया पाळली ते सांगा, असं न्यायालयाने राज्यांना विचारलं.

म्हणजे तेव्हाच्या फेटाळलेल्या दर दहा दाव्यांतले चार आदिवासींचे नव्हतेच. 'सव्वातीन लाख आदिवासी' हा मथळा दोन्ही बाजूंनी चुकतो: ते सगळे आदिवासी नाहीत, आणि ते माणसं नव्हेत, दावे आहेत. एकाच घरातून बापाचा एक आणि वेगळ्या झालेल्या मुलाचा एक, असे दोन दावे असू शकतात.

संपादकांना कळवलं. त्यांचं उत्तर: "मग मथळ्यात काय उरलं?"

२७ जून

३ लाख ५४ हजार आणि ३ लाख २२ हजार. फेटाळलेले कमी कसे झाले?

२०१९ च्या स्थगितीनंतर राज्याने फेटाळलेले दावे पुन्हा तपासायला घेतले आणि त्यासाठी 'वनमित्र' पोर्टल आणलं. फेटाळलेला दावा पुन्हा तपासणीला गेला की तो त्या रकान्यातून बाहेर येऊ शकतो आणि पुन्हा फेटाळला की परत आत. त्यामुळे 'पाच वर्षांत बत्तीस हजार दावेदारांना न्याय मिळाला' असं लिहायचा मोह टाळायचा. पट्ट्यांच्या रकान्यात तेवढी वाढ झाली असेल तरच ते म्हणता येतं, आणि त्यासाठी एकाच प्रकारच्या दोन तक्त्यांची तुलना करायला हवी. न्यायालयातलं शपथपत्र आणि मासिक अहवाल हे एका जातीचे कागद नाहीत. मी दोन्ही आकडे देणार, दोन्हींची तारीख आणि मूळ सांगणार, आणि मध्ये वजाबाकीचं चिन्ह घालणार नाही.

३ जुलै

सकाळी गंगवाल बसस्थानकावरून धारच्या पुढे. तिथून एका ओळखीच्या शिक्षकांच्या मोटारसायकलवर. गावाचं नाव लिहीत नाही, दावेदाराची अपिलाची वेळ अजून चालू आहे.

फलियात, म्हणजे वस्तीवर, पोचलो तेव्हा मक्याची कोळपणी सुरू होती. ज्यांना भेटायचं होतं ते काका भिलाला आदिवासी, वय साठीच्या पुढे, शेत उताराचं. अशा रानातल्या शेताला इथे नेवाड म्हणतात. पाऊस पडला की मका, उडीद, थोडी तूर. दिवाळीनंतर पाणी नाही, त्यामुळे पीकही नाही.

काकांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली, पिशवीतून दुसरी पिशवी, तिच्यातून कागद. सगळ्यांत वर पिवळी पडलेली दंडाची पावती: २००३ साल, वनखात्याचा शिक्का, गुन्हा 'वनभूमीवर अतिक्रमण करून शेती'. काका म्हणाले, "यह देखो. इन्होंने ही लिखा है कि मैं खेती कर रहा था."

विचित्र वाटतं, पण हाच त्यांचा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे. वनहक्क कायद्याच्या नियम १३ मध्ये सरकारी कागद पुरावा म्हणून चालतात. गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदनही चालतं. असे दोन पुरावे पुरतात. काकांकडे दोन्ही आहेत. ग्रामसभेने ठराव केला, वन अधिकार समितीने शेतावर जाऊन मोजणी केली, पंचनाम्यावर अंगठे आहेत.

मग दावा कुठे अडला? हातात एकही पत्र नाही. पंचायतीच्या रोजगार सहायकाने मोबाइलवर यादी दाखवली होती, तिच्यात नावापुढे 'अमान्य' होतं. एवढंच.

शेजारच्या घरात त्यांचा धाकटा भाऊ. त्याला पट्टा मिळालाय, पती-पत्नी दोघांच्या नावे, फोटोसकट, लॅमिनेट केलेला. भिंतीवर देवाच्या फोटोशेजारी टांगलाय. मी जवळ जाऊन वाचला. दावा पाच एकरांचा होता, पट्टा सव्वा एकराचा. "बाकी का?" विचारलं तर तो हसला आणि बांधाकडे बोट दाखवलं. बाकी शेत तिथेच आहे, तोच कसतो. कागदावर ते जंगल आहे.

४ जुलै

बसमध्ये डोक्यात भावाचा तोच पट्टा. मंत्रालयाच्या तक्त्यात तो 'मान्य', पूर्ण एक. कापले गेलेले पावणेचार एकर कोणत्याच रकान्यात नाहीत, कारण तक्ता किती मागितलं ते सांगत नाही, फक्त किती दिलं ते सांगतो. कायद्याची कमाल मर्यादा एका कुटुंबाला ४ हेक्टर, म्हणजे दहा एकरांना थोडं कमी. राज्यात वैयक्तिक पट्ट्यांखालची जमीन सुमारे ९ लाख ३ हजार एकर आहे. ती पट्ट्यांनी भागली तर दर पट्ट्याला जवळपास ३.४ एकर पडतात. ही सरासरी बरी की वाईट ते मागणी कळल्याशिवाय ठरत नाही. कोणाचं मूळ शेतच तीन एकरांचं असेल. म्हणून ती एकटी छापणार नाही, भावाच्या पट्ट्याशेजारी ठेवणार.

त्याच्या बाबतीत कायदेशीर मुद्दा पक्का आहे: क्षेत्र कमी करणं हाही बदलच. नियम १२अ प्रमाणे बदलाचा निर्णयही दावेदाराला स्वतःला कळवायचा असतो, कारणासकट. त्याला कोणी कळवलं नाही. त्याने विचारलंही नाही. पट्टा हातात आल्यावर कोण विचारतो?

१४ जुलै

शिक्षकांनी काकांच्या पुतण्याला अर्ज लिहून दिला आणि निर्णयाची प्रत मागायला पाठवलं. तिसऱ्या खेपेला मिळाली. व्हॉट्सअॅपवर फोटो आला, वाकडा, अंगठ्याची सावली पडलेला.

ग्रामसभेच्या वरची पायरी असलेल्या उपखंड स्तरीय समितीच्या बैठकीचं कार्यवृत्त. एक तक्ता, त्यात अनुक्रमांक, नाव, वडिलांचं नाव, रकबा, आणि शेवटी 'टीप'. काकांपुढे टीप: 'उपग्रह चित्रात कब्जा दिसत नाही.' वर-खाली बघितलं तर त्याच पानावर बाकीच्या नावांपुढेही अक्षरन् अक्षर तेच वाक्य, खाली-खाली फक्त दोन टिंबं, 'वरीलप्रमाणे' या अर्थाची. दंडाच्या पावतीचा उल्लेख नाही, ग्रामसभेच्या ठरावाचाही नाही.

इथे थोडं थांबून लिहिते, कारण बातमीचा गाभा हाच आहे. काकांचं शेत डिसेंबरात कसं दिसत असेल? मका ऑक्टोबरात निघतो. डिसेंबरात तिथे सुकलेली धसकटं, चार महुआची झाडं आणि गवत. वरून ते आजूबाजूच्या उजाड टेकडीसारखंच दिसणार. कायद्याची तारीख १३ डिसेंबर, म्हणून चित्रही त्याच हंगामातलं शोधलं जातं. एक पीक घेणाऱ्या कोरडवाहू शेतासाठी हा सगळ्यांत वाईट महिना.

दुसरी गोष्ट चित्राच्या बारकाईची. त्या काळातल्या भारतीय उपग्रहांचं जे सरसकट वापरलं जाणारं चित्र, त्याचा एक ठिपका जमिनीवर साडेतेवीस मीटर बाय साडेतेवीस मीटरचा. अर्ध्या एकरात असे चार ठिपकेही बसत नाहीत. काकांचं शेत तीन तुकड्यांत आहे, मध्ये नाला. तुकड्याच्या कडेचा ठिपका अर्धा शेत आणि अर्धं झुडूप, तो झुडूप म्हणूनच वाचला जातो. साडेपाच-सहा मीटरचे ठिपके असलेली चित्रंही होती. काकांच्या बाबतीत कोणतं चित्र, कोणत्या तारखेचं, ते कार्यवृत्तात लिहिलेलं नाही. 'उपग्रह चित्र' एवढंच.

आणि नियम काय म्हणतो? उपग्रह चित्र इतर पुराव्यांना जोड म्हणून वापरता येतं, त्यांची जागा घेऊ शकत नाही. तांत्रिक कारणावरून दावा नाकारायचा नाही. समितीला पुरावा अपुरा वाटला तर दावा ग्रामसभेकडे फेरविचाराला परत पाठवायचा. २०१२ च्या दुरुस्तीपासून हे छापील आहे. काकांच्या पानावर यातलं काहीच झालेलं दिसत नाही.

एका पानावरून राज्यातल्या सव्वातीन लाख दाव्यांबद्दल विधान करणार नाही. पण 'फेटाळलेले' या शब्दाचा अर्थ वाचकाला दाखवायला हे पान पुरेसं आहे. 'अपात्र' असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि काकांचा पुरावा तर कोणी पाहिल्याचीच खूण नाही.

१६ जुलै

संबंधित कार्यालयात फोन. बाबूजी सभ्यपणे बोलले. त्यांचं म्हणणं, बैठक होऊन वर्षं लोटली, अपिलाची साठ दिवसांची मुदत केव्हाच संपली. मी विचारलं, निर्णय दावेदाराच्या हातात कधी दिला, त्याची पोच आहे का? थोडा वेळ शांतता. मग, "मॅडम, पंचायत में लगा दिया था."

साठ दिवस दावेदाराला प्रत्यक्ष कळवल्यापासून मोजायचे आणि पुढे तीस दिवस वाढवता येतात. भिंतीवर चिकटवलं म्हणजे कळवलं असं नियमात नाही. बाबूजींचं म्हणणं बातमीत घेणार, त्यांच्याच शब्दांत, नावाशिवाय.

२० जुलै

पहिला खर्डा गेला. संपादकांनी दोन प्रश्न पाठवले, दोन्ही चांगले.

एक: "फेटाळलेले दावे खोटेही असतील ना?" असतील. २००५ नंतर झाडं तोडून केलेली शेतंही दावा म्हणून आली आहेत, बुऱ्हाणपूरच्या बाजूला नव्या तोडीवरून मोठे वाद झाले ते सगळ्यांना माहीत आहेत. एक वाक्य घातलं: तक्ता खरा दावा आणि खोटा दावा वेगळे करत नाही, कारणांचा रकानाच त्यात नाही, त्यामुळे ५१ टक्क्यांवरून 'इतके खोटे' असंही म्हणता येत नाही आणि 'इतक्यांवर अन्याय' असंही नाही.

दोन: "कोणत्या पातळीवर फेटाळले? ग्रामसभेने की वरच्या समित्यांनी?" तक्ता तेही सांगत नाही. माझ्या मते सगळ्यांत मोठा दोष हाच. ग्रामसभेने स्वतःच नाकारलेला दावा आणि ग्रामसभेने मान्य करूनही वर अडलेला दावा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दोन्ही एकाच बेरजेत. जिल्ह्याच्या माहिती अधिकाऱ्याकडे तीन ओळींचा अर्ज टाकला: पातळीनिहाय फेटाळलेले दावे, अनुसूचित जमाती आणि इतर वेगळे, निर्णय हातोहात दिल्याच्या पोचींची संख्या. उत्तर येईल तेव्हा दुसरी बातमी.

२६ जुलै

मथळा ठरला: 'वनहक्क: शंभरातले ५१ दावे फेटाळले, कारण विचारायला कागदच नाही.' लांब आहे. संपादक म्हणाले, चालेल. खाली चौकट: अहवालाचा महिना, आकडे दाव्यांचे आहेत कुटुंबांचे नाहीत, आणि 'निकाली' म्हणजे काय ते एका ओळीत.

कापलं गेलं ते सामूहिक हक्कांचं सगळं. २७,९७६ पट्टे, त्यांखाली साडेचौदा लाख एकर, पण त्यात गावाच्या वहिवाटीचे हक्क किती आणि अख्खं वन सांभाळण्याचा हक्क किती, हे त्या ओळीतून निघत नाही. तो वेगळाच विषय आहे, अर्ध्या परिच्छेदात उरकला असता तर वाईट झाला असता.

३१ जुलै

पुतण्याचा फोन. जिल्हा समितीकडे याचिका दिली. सोबत पावतीची झेरॉक्स, ग्रामसभेचा ठराव, दोन म्हाताऱ्यांची निवेदनं. आधी खिडकीवर घेत नव्हते, 'मियाद खत्म' म्हणाले. शिक्षकांनी कार्यवृत्ताच्या प्रतीवरचा १४ जुलैचा शिक्का दाखवला आणि नियमाची प्रिंट पुढे केली. मग घेतली.

"आवक नंबर दिया है क्या?" मी विचारलं.

"दिया है, पर पेन से."

"फोटो भेजो. और मूल पावती किसी को मत देना, झेरॉक्स ही देना."

फोटो आला आहे. तारीख ३१ जुलै, आकडा नीट वाचता येतो. मूळ पावती काकांनी परत पेटीत ठेवली, असं पुतण्या म्हणाला, दोन्ही पिशव्यांत.